आकृतीतून वेळापत्रक : विश्वचषकाच्या एका स्क्रीनशॉटचे वाचन

बाद पद्धतीच्या स्पर्धेची आकृती, म्हणजे दोन-दोन संघांना कंसांनी जोडत अखेर एका विजेत्यापाशी पोहोचणारे आणि क्रीडाप्रेमींच्या तोंडी ‘ब्रॅकेट’ किंवा ‘ड्रॉ’ या नावाने रुळलेले रेखाचित्र, कोणाची गाठ कोणाशी पडेल हे अचूक सांगते. ती केव्हा पडेल याबाबत मात्र ते बहुधा मौन पाळते. चाहत्याची गरज नेमकी याच्या उलट असते. आपला संघ जिंकत राहिला तर पुढचे सामने कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणकोणत्या संघांशी होऊ शकतील, एवढे त्याला एका कागदावर हवे असते, आणि त्याच्या हाती असतो तो कोणीतरी पुढे पाठवलेला आकृतीचा स्क्रीनशॉट. या चित्रातून तशी यादी काढण्याचे काम दिसते त्यापेक्षा अधिक काटेकोर आहे, कारण त्यातल्या चुका यादी तयार झाल्यावरही डोळ्यांना खटकत नाहीत आणि सामन्याच्या दिवशीच उघडकीस येतात.

हे काम कसे चालते आणि कुठे फसते, ते पाहण्यासाठी कतारमध्ये २०२२ साली झालेला फुटबॉलचा विश्वचषक हे उत्तम उदाहरण आहे. त्या स्पर्धेत ३२ संघ आठ गटांत विभागलेले होते, प्रत्येक गटातले पहिले दोन संघ बाद फेरीत गेले आणि अशा सोळा संघांची आकृती २ डिसेंबरच्या रात्री पूर्ण झाली. गटसाखळीचे शेवटचे सामने कतारमध्ये रात्री दहाला सुरू झाले होते, म्हणजे ते संपले तेव्हा भारतात ३ डिसेंबरची पहाट होत आली होती. त्या सकाळी घेतलेला स्क्रीनशॉट आणि अर्जेंटिना हा संघ एवढेच येथे विवेचनासाठी धरले आहे. अर्जेंटिनाच्या निवडीला महाराष्ट्रापुरते एक कारणही आहे. तालमींच्या संघांमुळे फुटबॉल ज्या शहराच्या अंगवळणी पडला आहे त्या कोल्हापुरात विश्वचषकाच्या काळात अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या चाहत्यांचे तट पडतात, आणि अशी यादी तिथे खरोखरच कामाला येते.

त्या सकाळच्या चित्रात सोळा संघ दोन बाजूंना विभागलेले दिसत. डाव्या बाजूला वरून खाली नेदरलँड्स आणि अमेरिका, अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया, जपान आणि क्रोएशिया, ब्राझील आणि दक्षिण कोरिया अशा चार जोड्या होत्या. उजव्या बाजूला इंग्लंड आणि सेनेगल, फ्रान्स आणि पोलंड, मोरोक्को आणि स्पेन, पोर्तुगाल आणि स्वित्झर्लंड अशा चार. दोन्ही बाजूंच्या रेषा मध्यभागी अंतिम सामन्यापाशी मिळत होत्या. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर असे चित्र सहसा पूर्ण मावत नाही, त्यामुळे एकच बाजू टिपलेला किंवा खालची एखादी जोडी कापली गेलेला स्क्रीनशॉट सर्रास फिरत असतो. म्हणून उतरवण्याआधी संघ मोजावेत, ते सोळा भरले पाहिजेत. संघांची नावे तीन अक्षरी संक्षेपात असतील तर तीही जपून वाचावी लागतात, कारण MAR म्हणजे मोरोक्को आणि SUI म्हणजे स्वित्झर्लंड हे संक्षेप त्या देशांच्या इंग्रजी नावांशी जुळत नाहीत. चित्रातला मजकूर आपोआप ओळखणारी साधने येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचतात, त्यामुळे नेदरलँड्सच्या शेजारी इंग्लंड येतो आणि ज्या कंसामुळे जोडी ठरते तो कंस मजकुरात उतरतच नाही. सोळा नावे हाताने लिहून काढणे अधिक सुरक्षित असते.

नावे उतरली की पुढचा टप्पा प्रत्येक जोडीला सामना क्रमांक देण्याचा, आणि सर्वांत जास्त याद्या इथेच बिघडतात. मोठ्या स्पर्धेत प्रत्येक सामन्याला आयोजकांनी दिलेला एक क्रमांक असतो. संघ ठरण्याच्या कितीतरी आधी, रिकाम्या जागांसह जाहीर होणाऱ्या वेळापत्रकात तारीख, वेळ आणि मैदान या क्रमांकासमोर लिहिलेले असते. आकृती आणि वेळापत्रक यांना जोडणारा दुवा म्हणजे हा क्रमांक. चित्रात तो बहुधा नसतो, आणि मग उतरवणारा वरून खाली ४९, ५०, ५१, ५२ असे क्रमांक टाकत जातो. कतारच्या स्पर्धेत उपउपांत्यपूर्व फेरीचे, म्हणजे शेवटच्या सोळा संघांच्या फेरीचे सामने ४९ ते ५६ या क्रमांकांचे होते हे खरे, पण आकृतीच्या डाव्या बाजूला ते ४९, ५०, ५३, ५४ असे होते आणि उजव्या बाजूला ५१, ५२, ५५, ५६ असे. वरून खाली मोजणाऱ्याने जपान आणि क्रोएशियाच्या सामन्याला ५१ क्रमांक दिला असता आणि त्या क्रमांकापुढची ४ डिसेंबर ही तारीख लावली असती. प्रत्यक्षात तो सामना ५३ क्रमांकाचा होता आणि ५ डिसेंबरला खेळला गेला.

क्रमांकांचा क्रम म्हणजे वेळेचा क्रम, हा दुसरा समजही येथे टिकत नाही. ५१ क्रमांकाचा इंग्लंड आणि सेनेगल यांचा सामना ४ डिसेंबरला कतारच्या वेळेने रात्री दहाला होता, तर ५२ क्रमांकाचा फ्रान्स आणि पोलंड यांचा सामना त्याच दिवशी संध्याकाळी सहाला. उपांत्यपूर्व फेरीतही ५७ आणि ५८ हे सामने ९ डिसेंबरलाच होते, परंतु ५८ आधी आणि ५७ नंतर. म्हणजे आकृतीतली जागा, सामन्याचा क्रमांक आणि सामन्याची वेळ या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरी अनुमानाने काढण्याचा मोह टाळून प्रत्येक गोष्ट जाहीर वेळापत्रकातूनच घ्यावी लागते.

हे क्रमांक घेताना संघांची नावे बाजूला ठेवून जागांची नावे लिहिणे श्रेयस्कर ठरते. गटात पहिला आलेला संघ गटाच्या अक्षरापूर्वी १ लिहून आणि दुसरा आलेला संघ २ लिहून दाखवतात. ‘अमुक सामन्याचा विजेता’ यासाठी W हे अक्षर आणि सामन्याचा क्रमांक लिहितात, तर पराभूतासाठी L. अर्जेंटिना ‘क’ गटात, म्हणजे C गटात पहिला आला होता, त्यामुळे त्याची जागा 1C. त्याच्या वाटेवरच्या चार सामन्यांच्या नोंदी कतारच्या वेळेनुसार अशा होतात :

```
50,2022-12-03 22:00,1C,2D
57,2022-12-09 22:00,W49,W50
61,2022-12-13 22:00,W57,W58
64,2022-12-18 18:00,W61,W62
```

या चार ओळींत एकाही संघाचे नाव नाही, आणि म्हणूनच त्या गटसाखळी चालू असतानाही तितक्याच खऱ्या होत्या. त्याचे महत्त्व २२ नोव्हेंबरला दिसले असते. त्या दिवशी अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ असा हरला आणि तो गटात पहिला येईल की दुसरा, किंबहुना पुढे जाईल की नाही, हे ३० नोव्हेंबरपर्यंत अनिश्चित राहिले. पहिला आल्यास ३ डिसेंबरचा सामना क्रमांक ५०, दुसरा आल्यास ४ डिसेंबरचा सामना क्रमांक ५२ आणि समोर ‘ड’ गटाचा विजेता, अशा दोन वेगळ्या वाटा त्याच्यापुढे होत्या. दुसऱ्या वाटेवर उपांत्यपूर्व सामना १० डिसेंबरला आणि उपांत्य सामना १४ डिसेंबरला पडत होता. अशा अवस्थेतल्या यादीत दोन्ही वाटा शेजारी शेजारी मांडाव्या लागतात. एकच मांडली तर तो अंदाज होतो, वेळापत्रक नव्हे.

संभाव्य प्रतिस्पर्धी काढण्याची रीत याच नोंदींतून निघते. अर्जेंटिनाच्या प्रत्येक सामन्यात एक जागा त्याची स्वतःची असते आणि दुसरी जागा मागच्या ज्या सामन्यातून येते त्या सामन्यात उतरून, तिथून आणखी मागे जात, शेवटी मिळणारी सगळी नावे गोळा करायची असतात. सामना ५७ मध्ये दुसरी जागा W49 आहे, आणि ४९ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिका आहेत, तेव्हा उपांत्यपूर्व फेरीतले संभाव्य प्रतिस्पर्धी हे दोघे. सामना ६१ मध्ये दुसरी जागा W58. ५८ हा ५३ आणि ५४ यांच्या विजेत्यांचा सामना, म्हणून जपान, क्रोएशिया, ब्राझील आणि दक्षिण कोरिया हे चौघे. अंतिम सामन्यात दुसरी जागा W62 असल्याने उजव्या बाजूचे आठही संघ. प्रत्येक फेरीला ही संख्या दुप्पट होते आणि पहिल्या सामन्यातला एक, मग दोन, चार आणि आठ यांची बेरीज पंधरा येते. सोळा संघांतून स्वतःला वगळले की उरतात तेही पंधराच, त्यामुळे प्रत्येक अन्य संघ यादीत एकदा आणि एकदाच आला पाहिजे. एखादा दोनदा आला किंवा राहून गेला, तर कुठेतरी कंस चुकीचा वाचला गेला आहे, हे नक्की समजावे.

याहून बारीक चूक पकडणारी एक कसोटी स्पर्धेच्या रचनेतच दडलेली आहे. कतारमध्ये एका गटातले पहिला आणि दुसरा हे संघ आकृतीच्या विरुद्ध बाजूंना टाकलेले होते, जेणेकरून ते पुन्हा समोरासमोर आले तर अंतिम सामन्यातच यावेत किंवा, दोघेही उपांत्य फेरीत हरल्यास, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात. परिणामी प्रत्येक बाजूला आठही गटांतला नेमका एकेक संघ असतो. डाव्या बाजूला अर्जेंटिना असेल तर त्याच्याच गटातला पोलंड उजवीकडे हवा. नेदरलँड्स डावीकडे असेल तर सेनेगल उजवीकडे. स्क्रीनशॉट अस्पष्ट असताना एखादी जोडी चुकून पलीकडच्या बाजूला लिहिली गेली, तर बेरीज पंधराच येईल, पण एका बाजूला एकाच गटातले दोन संघ दिसतील आणि चूक तिथेच उघडी पडेल. ही कसोटी प्रत्येक स्पर्धेला जशीच्या तशी लागू होत नाही, तेव्हा ज्या स्पर्धेची यादी करायची तिचा असा एखादा रचनेचा नियम शोधून काढणे श्रमांचे चीज करणारे ठरते.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना हा वेगळ्या काळजीचा विषय आहे. आकृतीतल्या रेषा विजेत्यांच्या मागे जातात, पराभूतांच्या नव्हे, म्हणून हा सामना चित्रात एक तर वगळलेला असतो किंवा कोपऱ्यात एकटा, कोणत्याही रेषेविना ठेवलेला असतो. अर्जेंटिना उपांत्य फेरीत हरला असता तर त्याची स्पर्धा तिथे संपली नसती. १७ डिसेंबरला सामना ६३ मध्ये त्याला उजव्या बाजूच्याच आठांपैकी एकाशी खेळावे लागले असते. केवळ रेषांवरून केलेल्या यादीत ही तारीख येत नाही.

आता तारखांकडे वळावे. स्क्रीनशॉटवर तारीख छापलेली असली तरी ती कोणत्या देशाच्या घड्याळाची हे चित्र सांगत नाही, आणि बरीच ॲप वापरणाऱ्याच्या फोनमधली स्थानिक वेळ पाहून आकडे आपोआप बदलतात. कतारची वेळ भारताच्या अडीच तास मागे आहे. बाद फेरीचे सगळे सामने तिथे संध्याकाळी सहा किंवा रात्री दहा या दोनच वेळांना सुरू झाले. भारतात त्या वेळा रात्रीचे साडेआठ आणि मध्यरात्रीनंतरचे साडेबारा अशा होतात. साडेआठच्या सामन्याची तारीख बदलत नाही, साडेबाराच्या सामन्याची बदलते. अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना कतारमध्ये शनिवार, ३ डिसेंबरचा होता आणि भारतात रविवार, ४ डिसेंबरचा. दोन मित्रांनी दोन देशांतून पाठवलेले स्क्रीनशॉट एकत्र करून केलेल्या यादीत ही दोन घड्याळे बेमालूम मिसळतात. ती मिसळली आहेत का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे : भारतीय वेळेच्या यादीत ८.३० आणि १२.३० याखेरीज तिसरी वेळ असता कामा नये, आणि कुठे १०.०० दिसले तर ती ओळ दुसऱ्या घड्याळावरून आली आहे.

वेळ बदलण्यासाठी तक्त्यात अडीच तास मिळवणे पुरेसे असते, मात्र तारीख आणि वेळ एकाच चौकटीत असली पाहिजे. मूळ तारीख-वेळ B2 या चौकटीत असेल तर सूत्र असे होईल :

```
=B2+TIME(2,30,0)
```

तारीख एका स्तंभात आणि वेळ दुसऱ्यात ठेवून केवळ वेळेत अडीच तास मिळवले, तर घड्याळ मध्यरात्र ओलांडून ००.३० दाखवते आणि तारीख जागची हलत नाही. मग यादीत ‘३ डिसेंबर, ००.३०’ असे उमटते, जे खऱ्या वेळेच्या पूर्ण एक दिवस आधीचे आहे. या यादीवर विसंबून जागलेल्या चाहत्याला त्या वेळी अर्जेंटिना दिसला नसता. त्या घटकेला ब्राझील आणि कॅमेरून यांचा गटसाखळीतला सामना सुरू होत होता. तारीख आकड्यांत लिहिलेली असेल तर आणखी एक धोका संभवतो. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो, त्यामुळे 12/9 म्हणजे ९ डिसेंबर. आपल्याकडचा वाचक तीच तारीख १२ सप्टेंबर अशी वाचतो, आणि तक्ता उघडणारा संगणकही त्याच्या मांडणीनुसार तसेच करू शकतो. महिना अक्षरांत लिहिला की हा प्रश्न उरत नाही.

एवढे सगळे सांभाळून ३ डिसेंबरच्या सकाळी अर्जेंटिनाची भारतीय वेळेची यादी अशी तयार झाली असती. उपउपांत्यपूर्व फेरी, रविवार ४ डिसेंबर, शनिवारच्या मध्यरात्रीनंतर साडेबारा, प्रतिस्पर्धी ऑस्ट्रेलिया. जिंकल्यास उपांत्यपूर्व फेरी, शनिवार १० डिसेंबर, शुक्रवारच्या मध्यरात्रीनंतर साडेबारा, नेदरलँड्स किंवा अमेरिका. जिंकल्यास उपांत्य फेरी, बुधवार १४ डिसेंबर, मंगळवारच्या मध्यरात्रीनंतर साडेबारा, जपान, क्रोएशिया, ब्राझील, दक्षिण कोरिया यांपैकी एक. त्यात जिंकल्यास अंतिम सामना, रविवार १८ डिसेंबर, रात्री साडेआठ. हरल्यास तिसऱ्या क्रमांकाचा सामना, शनिवार १७ डिसेंबर, रात्री साडेआठ. दोन्हींत प्रतिस्पर्धी उजव्या बाजूच्या आठांपैकी. ‘शनिवारच्या मध्यरात्रीनंतर’ ही पुस्ती फाजील वाटली तरी ती गाळू नये. साडेबाराच्या सामन्याला लोक बोलताना ‘शनिवार रात्रीची मॅच’ म्हणतात आणि कागदावर तारीख रविवारची असते. दोन्ही एकत्र लिहिल्याशिवाय कोणीतरी रविवारी रात्री टीव्ही लावून बसतोच.

त्यानंतर यादी स्थिर राहत नाही. प्रत्येक सामन्यानंतर तिच्यातली नावे गळत जातात आणि तारखा मात्र तशाच राहतात. पहिल्याच रात्री नेदरलँड्सने अमेरिकेला ३-१ असे हरवले आणि काही तासांत अर्जेंटिनाने ऑस्ट्रेलियाला २-१ असे. ५७ क्रमांकाची ओळ त्या रात्रीच पक्की झाली. ५ डिसेंबरचे दोन सामने संपल्यावर उपांत्य फेरीच्या ओळीत क्रोएशिया आणि ब्राझील एवढेच उरले. मात्र नव्या स्क्रीनशॉटवरून ही गळती नोंदवताना निकाल नीट वाचावा लागतो. जपान आणि क्रोएशिया यांचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर क्रोएशियाने ३-१ अशी बाजी मारली. आकृतीत मोठ्या अक्षरांत १-१ आणि कंसातल्या बारीक आकड्यांत पेनल्टी अशी मांडणी असते. लहान केलेल्या चित्रात हे बारीक आकडे पुसट होतात आणि बरोबरी तेवढी दिसते. बाद फेरीत बरोबरी हा निकाल असूच शकत नाही, म्हणून असे दिसल्यास पुढच्या रकान्यात कोणाचे नाव गेले आहे ते पाहावे. तिथे नाव नसेल, तर सामना बहुधा चालू असतानाच चित्र टिपले गेले आहे.

९ डिसेंबरचा दिवस या दृष्टीने विशेष आहे. क्रमांकाने नंतरचा असलेला सामना ५८ आधी खेळला गेला, त्यात क्रोएशियाने ब्राझीलला पेनल्टींवर हरवले आणि अर्जेंटिनाचा सामना सुरू होण्यापूर्वीच त्याच्या पुढच्या ओळीत एकच नाव उरले. प्रतिस्पर्धी ठरला होता, पण त्याच्याशी खेळण्याचा हक्क अजून मिळवायचा होता. नेदरलँड्सशी २-२ अशी बरोबरी आणि पेनल्टींवर ४-३ असा विजय यांनंतर तो मिळाला. अशा वेळी यादीत ‘क्रोएशिया’ एवढेच लिहिणारा आणि ‘जिंकल्यास क्रोएशिया’ असे लिहिणारा यांच्यात मोठा फरक आहे, आणि चांगल्या यादीत ते ‘जिंकल्यास’ शेवटपर्यंत राहिले पाहिजे.

ही रीत जिथे लागू पडत नाही, त्या स्पर्धाही ओळखायला हव्यात. इंग्लंडच्या एफए कपमध्ये प्रत्येक फेरीनंतर नव्याने चिठ्ठ्या निघतात, त्यामुळे पुढच्या फेरीपलीकडचे प्रतिस्पर्धी सांगणारी आकृतीच तिथे अस्तित्वात नसते. तशी कोणी पाठवली तर ती कोणाच्या तरी कल्पनेतली असते. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलमध्ये टिकून राहिलेल्या संघांची मानांकनानुसार पुन्हा जुळवणी होते, तेव्हा तिथे रेषांवर विसंबता येत नाही. विम्बल्डनची १२८ खेळाडूंची आकृती आरंभीच पक्की असते, पण कोणता सामना नेमका कधी हे खेळाच्या आदल्या दिवशीच्या कार्यक्रमातून कळते, म्हणून त्या यादीत प्रतिस्पर्धी पक्के आणि तारखा अंदाजे राहतात. २०२६ च्या विश्वचषकात ४८ संघ आणि बारा गट असल्यामुळे तिसऱ्या आलेल्या आठ संघांनाही बाद फेरीत जागा दिलेली आहे. बारांतून आठ निवडण्याचे ४९५ प्रकार होतात, आणि कोणते आठ गट निवडले जातात यावर कोण कोणत्या जागेत बसेल हे ठरते. गटसाखळी संपण्याआधी काढलेल्या यादीत अशा जागेपुढे एका संघाचे नाव लिहिणे चूक आहे. तिथे ज्या गटांमधून संघ येऊ शकतो त्या गटांची अक्षरेच लिहावीत.

शिवाय यादी करणाऱ्याने आणखी दोन ओळी कागदाच्या माथ्यावर लिहाव्यात, अशी आग्रहाची विनंती आहे : मूळ चित्र कोणत्या तारखेला आणि किती वाजता टिपले, आणि खालच्या सर्व वेळा कोणत्या देशाच्या आहेत. कागद एकाकडून दुसऱ्याकडे जाताना संघांची नावे टिकतात, ही माहिती मात्र पहिल्याच हाती गळते, आणि नंतर कोणालाही ती परत मिळवता येत नाही.